ढवळ्याची काठी

सेलूच्या स्टेशन रोडवर धम्मदीपचं दुकान होतं. झेरॉक्स, पॅनकार्ड, पीकविम्याचे अर्ज, भरतीचे फॉर्म, असलं सगळं. दुकान म्हणजे टपरीला काचेचं दार लावलेलं, दुसरं काय. आत दोन कॉम्प्युटर. एक धम्मदीपचा, आणि दुसरा म्हणायला गिऱ्हाइकाचा. पण त्यावर गिऱ्हाईक बसलेलं कुणी बघितलं नव्हतं. तिथं बालाजी बसायचा.

बालाजी वालूरचा. सेलूच्या कॉलेजात दोघं एका बाकावर होते, आणि बाकावरून उठले ते एकाच गेममध्ये जाऊन पडले. पुढं बालाजीच्या किडन्या गेल्या. दोन्ही. पोराचं लग्नाचं वय, घरी माणसं बघायला यायची, आणि एकदम डॉक्टरनं सांगितलं की आता आठवड्यातून दोनदा परभणीला येऊन रक्त धुऊन घ्यायचं. तर तो डायलिसिस करून रेल्वेनं सेलूला उतरायचा आणि वालूरची जीप भरेपर्यंत दुकानात येऊन बसायचा. जीपवाला आपला भला माणूस, दारात येऊन सांगायचा, जागा धरून ठेवलीय म्हणून. बालाजी म्हणायचा, "भरू द्या निवांत. मला काय घाई हाय?"

घाई त्यालाच होती, पण ते नंतर कळलं.

गेमचं खरं नाव इंग्रजीत लांबलचक होतं. हे दोघं त्याला भुयार म्हणायचे. भुयारात उतरायचं, राक्षस मारायचे, ते मेले की त्यांच्या अंगातून सामान गळतं ते उचलायचं, अंगावर चढवायचं, आणि आणखी खाली उतरायचं. जगभरातली पोरं हेच करतात. सामानाला रंग असतात. पांढरं म्हणजे साधं, त्यावर कसलाच गुण नाही. निळ्यावर एखाददुसरा गुण. पिवळ्यावर सहापर्यंत. आणि नारंगी म्हणजे नावाजलेलं, त्यात गेम बनवणाऱ्यांनीच ठरवून घातलेली काहीतरी करामत. नवा खेळणारा रंगाला भुलतो. नारंगी पडलं की नाचतो. पण नारंगी आपण खेळवतो त्या गड्याच्या उपयोगाचं नसेल तर त्यापेक्षा नेमक्या दोन गुणांचं निळं बरं, हे कळायला काही महिने जातात. बालाजीला ते पहिल्या आठवड्यात कळलं होतं. त्याचा बाप बैलबाजारातला मुरलेला माणूस. तो म्हणायचा, शिंगं रंगवलेला बैल विकायला आणलेला असतो, नांगराला नाही.

दोघांनी मिळून एक जोडी काढली होती. बालाजीचा गडी ढवळ्या, विष फेकणारा, अंगानं नाजूक. धम्मदीपचा पवळ्या, ढाल घेऊन पुढं उभा राहणारा. नावं बालाजीनंच ठेवली. आणि नेमही त्यानंच घातला: ही जोडी सावडीची. सावडीत जसं आज तुझ्या रानात नि उद्या माझ्या, एकानं दुसऱ्याला टाकून पुढं जायचं नाही, तसंच इथं. ढवळ्या एकटा कधी भुयारात उतरणार नाही आणि पवळ्याही नाही. एक लेव्हलसुद्धा एकट्यानं चढायची नाही. एकट्यानं खेळायची खाज आली तर वेगळा गडी काढायचा. धम्मदीपनं काढलाही होता, सर्जा नावाचा, तगडा, लेव्हल नव्वदच्या वरचा. बालाजीनं दुसरा गडी काही काढला नाही. म्हणाला, "मला एकच पुरं हाय."

जोडी एकाहत्तराव्या लेव्हलला भुयाराच्या तळाशी पोचली. तिथं एक दार आणि दाराआड थंडीची बाई. तिला मारलं की भुयार संपलं. बालाजीनं तेवढंच मागितलं होतं. एकदा किडनी बदलायची तयारी चाललेली, आई द्यायला तयार झालेली, आणि तपासणीत आईलाच साखर निघाली, घेता येणार नाही म्हणाले. त्या दिवशी तो परभणीहून आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "दीप्या, आपून त्या बाईला पाडू. आपल्या जोडीनं. मग काय व्हायचं ते होऊ दे."

धम्मदीपनं मान हलवली आणि दोघं त्याच दिवशी दाराआड गेले. बाईनं एक फुंकर मारली, ढवळ्या जागेवर आडवा. दुसऱ्यांदा गेले, तसंच.

"तुझी काठी हलकी हाय," धम्मदीप म्हणाला. "बाई लवकर मरंना, म्हणून तिला फुंकायला सवड भेटायलीय."

"काठीचं काय न्हाई रे," बालाजी म्हणाला. त्यानं ढवळ्याचा आकड्यांचा तक्ता उघडला. "हे बघ. थंडी सोसायची ताकद अडतीस. म्हंजी शंभरातला बासष्ट मार अंगावर येतो. तीच पंच्याहत्तरवर नेली तर पंचवीस येईल. त्याच्या वर न्यायची गरजच न्हाई, गेम पंच्याहत्तरच्या पुढं मोजीतच न्हाई. एखादी साधी अंगठी घालू, थंडीवाली. जिथं उणं हाय तिथं ठिगळ लावावं."

"अंगठीनं काय व्हतंय? मी तुला काठी करून देतो. अशी काठी की बाई फुंकर मारायच्या आधी खाली."

"मला नको. हाय त्यात भागतंय."

"तू गप बस," धम्मदीप म्हणाला.

आणि इथं चुकलं. आता सांगणाऱ्याला सोपं आहे, पण त्या पोराच्या जागी बसून बघा. जिवाभावाचा मित्र डोळ्यांदेखत वाळत चाललेला. किडनी देऊ म्हणावं तर कायदा नात्यातल्यांना आधी विचारतो, आणि घरचे हातपाय गाळून बसलेले. डॉक्टरांच्या कामात याला काही कळत नाही. मग याच्या हाताशी होतं काय? एक काठी. माणूस जिथं हात पोचत नाही तिथून मागं फिरतो आणि जवळचं काहीतरी जीव तोडून करत बसतो. धम्मदीप सर्जाला घेऊन काठीच्या मागं लागला.

काठी घडवायची म्हणजे नशिबाची कुस्ती असते. आधी चांगल्या जागेतून पडलेली काठी पाहिजे, कारण वरच्या भुयारातल्या काठीवर वरचे गुण चढतच नाहीत. जितकं खोल, तितकी काठी दमाची. मग तिच्यावर गुण फिरवायचे. त्याला दगड लागतात. एक दगड सगळे गुण पुसून नवे टाकतो. एक दगड मोकळ्या जागी एक गुण वाढवतो. एक दगड असलेल्यातला एक गुण काढून टाकतो, पण कुठला ते त्याच्या मर्जीवर. आणि प्रत्येक गुणाच्या पायऱ्या असतात, पायरीतही आकडा खालीवर पडतो. धम्मदीपला तीन गुण पाहिजे होते, तिन्ही वरच्या पायरीचे: विषाचा जोर, फेकायचा वेग, आणि विषविद्येची लेव्हल वाढवणारा गुण. ढोबळ मानानं वरच्या पायरीचा एक गुण वीस फेऱ्यांत एकदा येतो म्हणा. दोन एकदम यायला चारशे फेऱ्या लागतात. तीन यायला आठ हजार. ज्याला गुणाकार येतो तो इथंच उठतो. पण खेळणाऱ्याला गुणाकार दिसत नाही, त्याला फक्त पुढची फेरी दिसते.

बालाजी परभणीहून यायचा, हाताच्या सुईच्या जागी पट्टी, तोंड उतरलेलं. शेजारच्या खुर्चीत बसायचा. ढवळ्याला उघडायचा. ढवळ्या गावातल्या आडाजवळ उभा राहायचा, भुयारात जायच्या आधी गडी जिथं जमतात तिथं.

"येतो का?" बालाजी विचारायचा.

"थांब जरा. एवढी फेरी होऊ दे."

फेरी व्हायची. दुसरी सुरू व्हायची. बालाजी ढवळ्याला आडाभोवती चकरा मारायला लावायचा. कधी आपलाच स्क्रीन सोडून धम्मदीपच्या स्क्रीनकडं बघत बसायचा, हा उचल, तो सोड म्हणायचा. मग जीपवाला दारात यायचा आणि बालाजी ढवळ्याला आडाजवळ सोडून निघायचा. दोन खुर्च्या खांद्याला खांदा लावून होत्या आणि दोघं एकदाही बरोबर खेळले नाहीत. धम्मदीपला वाटायचं आपण त्याच्यासाठीच तर मरायलोय. आणि ते खोटंही नव्हतं, हेच तर वाईट.

एकदा पोळ्याच्या सुमाराला काठी जवळजवळ साधली. विषाचा जोर वरच्या पायरीचा, वेग वरच्या पायरीचा, आणि लेव्हलवाढीचा गुणही आला, फक्त मधल्या पायरीचा. धम्मदीपनं हळहळत च्च केलं.

बालाजी पुढं वाकला. काठीवरचं सगळं वाचलं, खालच्या बारीक ओळीसकट. बालाजीची ती सवयच होती, फॉर्मवरच्या सूचनासुद्धा तो पूर्ण वाचायचा.

"ही दे मला," तो म्हणाला. "ही ढवळ्याला बसती."

"आरं, तिसरा गुण मधलाच हाय."

"असू दे की. माज्या जुन्या काठीच्या मानानं दुप्पट जोर झाला. ही बसती म्हणलो ना मी."

"बसती म्हणून काय झालं? एक गुण काढला न् पुन्हा टाकला तर पक्की होती. अर्धवट कशाला घ्यायची?"

"दीप्या, आमचा बाप काय म्हणतो म्हाईत हाय का? सगळ्या खोडी पारखून बैल घ्यायला निघालेला माणूस पेरणीला दुसऱ्याचं औत मागतो."

धम्मदीप हसला. त्याच्या मनात आलं, बाल्याला आपल्याला त्रास द्यायचा नाही म्हणून हा असं बोलतोय. त्यानं काढायचा दगड घेतला आणि काठीवर टाकला. दगडानं मधला गुण काढायचा सोडून विषाचा जोरच काढून टाकला. काठी मातीमोल झाली.

बालाजीनं आपल्या स्क्रीनकडं तोंड केलं. थोड्या वेळानं म्हणाला, "मी कवाधरनं एक गोष्ट ठरवून खेळायलोय बघ. आत जायच्या आधीच म्हणायचं, एवढं भेटलं की बास. भेटल्यावर ठरवायला बसलं की बास कधीच होत न्हाई. मन म्हणतं, आणखी एक."

"बरं बरं," धम्मदीप म्हणाला. त्याचं लक्ष पुढच्या काठीत होतं.

दिवाळीच्या आधी बालाजीचं येणं कमी झालं. अंगाला सूज, दम लागायचा, मग घरचे त्याला गाडी करूनच परभणीला न्यायला लागले, सेलूत उतरणं राहिलं. धम्मदीप फोन करायचा. "काठी व्हायलीय बघ," सांगायचा. पलीकडून बालाजी म्हणायचा, "हो का? बरं हाय." एवढंच. आणि मग एक दिवस धुरपताबाईचा, बालाजीच्या आईचा, फोन आला की त्याला परभणीत ॲडमिट केलंय आणि डॉक्टर धड काही बोलत नाहीत.

त्याच दुपारी काठी झाली. काय म्हणावं याला? फॉर्म भरायला दोन बाया दारात उभ्या आणि धम्मदीपनं शेवटचा दगड टाकला, आणि तिसरा गुण सगळ्यात वरच्या पायरीचा आला. तिन्ही गुण. पक्की काठी. बाजारात अशी काठी विकायला कुणी आणत नाही, ज्याच्याकडं असते तो सोडत नाही. धम्मदीपनं बायांना उद्या या म्हणून सांगितलं, दुकानाला कुलूप लावलं, लॅपटॉप पिशवीत घातला आणि मिळेल त्या गाडीनं परभणी गाठली.

वॉर्डात बालाजी पाठीशी दोन उशा लावून बसलेला होता. झोपलं की दम कोंडायचा म्हणून. चेहरा सुजलेला, ओठ कोरडे. पाणी मोजून द्यायचं म्हणून धुरपताबाई चमच्यानं त्याचे ओठ ओले करत होती. धम्मदीपला बघून तिनं डोळ्याला पदर लावला आणि जागा करून दिली.

"काठी आणली," धम्मदीप म्हणाला.

बालाजी हसला. "दाव."

लॅपटॉप कॉटवर ठेवला, मोबाइलचं नेट जोडलं. धम्मदीपनं आधीच सर्जाकडनं काठी दोघांच्या सामाईक पेटीत टाकून ठेवली होती. आता बालाजीच्या नावानं ढवळ्याला उघडलं, पेटीतून काठी काढली आणि ढवळ्याच्या हातावर ओढली. काठी हातात बसली नाही, परत पेटीत जाऊन पडली. त्यानं पुन्हा ओढली. पुन्हा तेच. मग त्यानं काठीवर बोट ठेवलं आणि खालची बारीक ओळ बघितली. ओळ लाल होती. धरणाऱ्याची लेव्हल, ऐंशी.

गुण जितका वरच्या पायरीचा, तितका तो धरणाराही वरचा लागतो, आणि लेव्हलवाढीच्या गुणाला तर सगळ्यात वरचा. भुयार खेळणाऱ्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं. धम्मदीपलाही होतं. पण त्याचा सर्जा नव्वदच्या वर. त्याला कधी लाल ओळ दिसलीच नव्हती. आणि ढवळ्या अजून एकाहत्तरवर उभा होता. कारण नेम होता. कारण तो आडाजवळ उभा राहून येतो का म्हणून विचारत होता आणि हा थांब जरा म्हणत होता. पोळ्याची ती काठी अडुसष्टलाच बसत होती.

धम्मदीप स्क्रीनकडं बघत राहिला.

"मी म्हणलो होतो ना," बालाजी दम खात खात म्हणाला, "ती बसती म्हणून."

"तुला ठाऊक होतं? ही बसणार न्हाई ते?"

"हां."

"मग बोलला का न्हाईस रे?" धम्मदीपचा आवाज फाटला. "एवढ्या दिवसांत एकदा तर बोलायचं. नऊ लेव्हल. आपून दोघं बसलो असतो तर चार संध्याकाळचं काम होतं."

बालाजी म्हणाला, "बोलणार होतो. पण घरी समदे माज्याकडं रडक्या तोंडानं बघायले. तू एकटाच असा होता, की तुझं तोंड बघितलं की वाटायचं, काही तरी व्हायचं हाय अजून. काठी होस्तोवर हा मला मरू देत न्हाई, असं वाटायचं." मग तो हसला, पण हसण्यानंही त्याला दम लागला. "चल, जाऊ का आता? जुन्याच काठीनं. मी ती थंडीची अंगठी घालून ठिवलीय कवाची. थंडी सोसायची ताकद सत्तर झालीय. पाच कमी हाय, पण चालतंय."

"चल," धम्मदीप म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. लॅपटॉप एकच होता. एका मशिनीवर ढवळ्या उघडला की पवळ्या उघडत नाही. सेलूत दोन मशिनी शेजारी शेजारी होत्या, सहा महिने होत्या, आणि इथं एक.

बालाजीनं त्याचं तोंड ओळखलं. "उद्या दुसरा आण कुणाचा तरी."

"सकाळीच आणतो."

"ये. वाट बघतो."

धुरपताबाईनं लॅपटॉपकडं बघितलं, तिला त्यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, "दीपा, जेवून आलास का बाबा?" धम्मदीपनं हो म्हणून मान हलवली. खरं म्हणजे तो सकाळपासून जेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं बहिणीच्या ओळखीनं एका शिक्षकाचा लॅपटॉप मागून आणला. दोन्ही चार्जर घेतले. वॉर्डात प्लग लावायची जागा एकच होती म्हणून लांब वायरची पट्टी घेतली. सेलूच्या फलाटावर तो गाडीची वाट बघत उभा होता, तेव्हा फोन आला. बालाजीच्या चुलत्याचा. परभणीला येऊ नकोस म्हणाला, आम्हीच वालूरला निघालोय.

वालूरला धम्मदीप गेला. खांदा दिला. त्याबद्दल काय सांगायचं? जे सगळ्यांकडं होतं तेच तिथंही झालं. रडला तो नाही. सगळे म्हणाले, पोरगं कठीण काळजाचं आहे.

रडला नंतर, दुकानात, भर दुपारी, एका बाईचा पीकविम्याचा अर्ज भरता भरता. मोबाइल नंबर म्हणून त्यानं बालाजीचाच नंबर टाकला होता. बाई बिचारी घाबरली, म्हणाली, "साहेब, राहू द्या, मी उद्या येते." त्याच दिवशी त्यानं सर्जाला उघडलं आणि काठी पेटीतून काढून गेममधल्या लोहाराकडं नेऊन फोडली. नक्की का, असं गेमनं विचारलं. हो म्हणाला. काठीची चिमूटभर पूड हातात आली. तेवढ्या पुडीत दुसऱ्या एखाद्या काठीवर एक फेरी फिरवता आली असती. त्यानं सर्जाही काढून टाकला. हलकं काही वाटलं नाही.

महिन्याभरानं धुरपताबाई दुकानात आली. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स पाहिजे होती. धम्मदीपनं उठून तिला पाणी दिलं. ती बसायला जागा बघत होती आणि बसली ती नेमकी बालाजीच्या खुर्चीत. तिनं आपले हात समोरच्या टेबलावर ठेवले, बालाजी ठेवायचा तिथंच.

"तू दवाखान्यात त्याला काय दावत होतास रे?" तिनं विचारलं. "तू गेल्यावर त्यानं दोनदा इचारलं. सकाळ झाली का म्हणून."

धम्मदीपनं वाकून तो कॉम्प्युटर चालू केला. बालाजीचं नाव, पासवर्ड, सगळं त्यातच होतं. भुयार उघडलं. ढवळ्या आडाजवळ उभा. हातात जुनी पिवळी काठी, बोटात थंडीची अंगठी.

"हा बालाजी हाय, मावशी," तो म्हणाला. "म्हंजी त्याचा गडी. तो ह्यात खेळायचा."

धुरपताबाई चष्मा सावरून स्क्रीनच्या जवळ गेली. त्या एवढ्याशा बाहुल्याकडं तिनं बराच वेळ बघितलं. दुसरे गडी येत होते, जात होते, चौघं चौघं मिळून भुयारात उतरत होते.

"हा एकटाच का उभा हाय?" तिनं विचारलं.

"मी येतो म्हणलो होतो," धम्मदीप म्हणाला.

तिला यातलं किती कळलं कुणास ठाऊक. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मग जा की बाबा त्याच्यापशी."

धम्मदीप आपल्या खुर्चीत बसला. पवळ्याला उघडलं. कित्येक महिन्यांनी पवळ्या उठला आणि गावातून चालत आडाजवळ आला, ढवळ्याच्या शेजारी उभा राहिला. खाली तळाशी थंडीची बाई होती, पण खाली उतरायचं कुणाच्या जोरावर? दोघं नुसते उभे राहिले. धुरपताबाईनं दाखल्याची झेरॉक्स घडी करून पिशवीत ठेवली, तरी ती उठली नाही. जीपवाला दारात येऊन गेला, तिनं त्याला हातानंच थांबायची खूण केली.

बराच वेळ हालचाल झाली नाही की गेम गड्याला आपोआप बाहेर काढतो. म्हणून धम्मदीप उजव्या हातानं आपला माऊस धरून बसला, आणि मधून मधून डावा हात लांब करून बालाजीचा माऊस थोडा थोडा हलवत राहिला.